फाइल वाटेत अडवली कुणी?

माझी मावसबहीण पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. ज्या संस्थेच्या इमारतीचं काम सध्या चालू आहे, त्या संस्थेनं नकाशे ठेवायला स्वतःचा नेक्स्टक्लाउड सर्व्हर उभा केलाय. लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउडचं एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं, त्याला सिंक क्लायंट म्हणतात. ते एक फोल्डर तयार करतं. त्यात आपण टाकलेली फाइल आपोआप सर्व्हरवर जाते आणि दुसऱ्यानं टाकलेली आपल्याकडे येते. बहिणीच्या लॅपटॉपवर घरी हे व्यवस्थित चालायचं. ऑफिसात मात्र क्लायंट नुसता जोडणीचा प्रयत्न करत बसायचा आणि नकाशे जुनेच राहायचे. गंमत अशी, की त्याच वेळी त्याच लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तो सर्व्हर उघडायचा.

सहकाऱ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं अँटिव्हायरस बंद करून बघ, कुणी म्हणालं फायरवॉल काढून टाक. हे दोन्ही मी तिला करू दिलं नाही. धोका तर आहेच, शिवाय त्यातून खात्रीचं उत्तरही मिळत नाही. अनेक अँटिव्हायरस बंदचं बटण दाबल्यावरही नेटवर्कवर नजर ठेवणारा आपला भाग चालू ठेवतात. बंद करूनही सिंक झालं नाही, म्हणजे अँटिव्हायरस निर्दोष, असं म्हणता येत नाही. काहीही बंद न करता वेगळा प्रश्न विचारावा लागतो: आपण सर्व्हरला हाक मारतो तेव्हा उत्तर कोण देतं?

अडवणारे तिघेही वेगवेगळ्या पद्धतीनं अडवतात, म्हणून हा प्रश्न उपयोगी आहे. फायरवॉल बहुधा पत्ता आणि दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, बघतो आणि नको असलेली हाक गुपचूप टाकून देतो. पलीकडून काहीच येत नाही, थोड्या वेळानं संगणक कंटाळून 'टाइमआउट' म्हणतो. प्रॉक्सी हा मध्यस्थ. आपण त्याला सांगायचं, त्यानं बाहेरून आणून द्यायचं. तो अडवतो तेव्हा सहसा तसं बोलून दाखवतो. अँटिव्हायरस आपल्याच यंत्रात बसलेला असतो, त्यामुळे कुठला प्रोग्राम बाहेर जातोय हे त्याला नावानिशी कळतं.

पहिली चाचणी सोपी होती. बहिणीनं ऑफिसातच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. दोन मिनिटांत नकाशे यायला लागले. लॅपटॉप तोच, अँटिव्हायरस तोच, विंडोजचा फायरवॉलही तोच. बदललं ते फक्त नेटवर्क, म्हणून संशय ऑफिसच्या नेटवर्कवर गेला. या चाचणीला दोन अपवाद आहेत. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन किंवा कंपनीचं नियंत्रक सॉफ्टवेअर कायम चालू असतं, मग ऑफिसचा पहारा हॉटस्पॉटवरही सोबत येतो. आणि फायरवॉल घरच्या, ऑफिसच्या आणि सार्वजनिक नेटवर्कला वेगवेगळे नियम लावू शकतो. म्हणून हॉटस्पॉटच्या निकालाला मी दिशा मानतो, पुरावा नाही.

मग ऑफिसच्या वायफायवर परत येऊन तिनं विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही ओळ लिहिली. सर्व्हरचं खरं नाव इथे बदललं आहे.

```
Test-NetConnection files.example.org -Port 443
```

443 हे सुरक्षित वेबसाइटचं नेहमीचं दार. वीसेक सेकंद काहीच नाही, मग `TcpTestSucceeded : False`. नकार नाही, नुसती शांतता. म्हणजे ऑफिसच्या फायरवॉलनं थेट बाहेर जायला बंदी घातली असणार. पण मग ब्राउझर कसा चालतो? कारण तो थेट जातच नाही. तो विंडोजमध्ये नोंदवलेल्या प्रॉक्सीकडे जातो. वरची आज्ञा मात्र ती नोंद न बघता थेट दार ठोठावते, आणि बहिणीचा क्लायंटही तेच करत होता. त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये `No proxy` निवडलेलं होतं. घरी तेच बरोबर होतं, म्हणून ते कधी कुणाच्या नजरेत आलं नाही.

`Use system proxy` निवडल्यावर सिंक सुरू होईल असं तिला वाटलं. झालं नाही, पण त्रुटी बदलली. आधी टाइमआउट होता, आता चटकन `403 Forbidden` यायला लागलं. ती वैतागली, मला मात्र बरं वाटलं. त्रुटी बदलली म्हणजे एक अडथळा मागे पडला आणि पुढचा समोर आला. पुष्कळ जण इथेच फसतात. नवी त्रुटी बघून आधीचा बदल चुकीचा होता असं समजतात, तो मागे घेतात आणि पुन्हा पहिल्या अडथळ्यापाशी जातात.

आता 403 म्हणणारा कोण, सर्व्हर की मधला कुणी? इथे सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे सर्टिफिकेट. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो आणि त्यावर ते कुणी दिलं तेही लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट उघडलं की 'Issued By' असा मजकूर दिसतो. हॉटस्पॉटवर तिला तिथे लेट्स एन्क्रिप्ट हे नाव दिसलं. संस्थेनं सर्टिफिकेट तिथूनच घेतलं होतं, ते बरोबर. ऑफिसच्या वायफायवर त्याच पानाच्या सर्टिफिकेटवर ऑफिसच्या गेटवेचं नाव होतं.

म्हणजे ऑफिसचा प्रॉक्सी नुसता निरोप पोचवत नव्हता, पाकीट फोडून वाचत होता. तो सर्व्हरशी स्वतः बोलायचा आणि बहिणीच्या लॅपटॉपला सर्व्हरच्या नावानं, पण स्वतःच्या सहीचं ओळखपत्र द्यायचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही सही आधीच विश्वासू म्हणून नोंदवलेली असते, म्हणून ब्राउझर कुरकुर करत नाही. अनेक अँटिव्हायरसही हीच युक्ती यंत्राच्या आत करतात. फरक असा ओळखायचा: परकी सही ऑफिसातही दिसते आणि हॉटस्पॉटवरही दिसते, तर ती लॅपटॉपमधल्याच कुणाची तरी, बहुधा अँटिव्हायरसची. फक्त ऑफिसात दिसते, तर ऑफिसच्या प्रॉक्सीची. तिघांतला दोषी ओळखायला एवढी स्वस्त आणि नेमकी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

सर्टिफिकेट ओळखीचं नाही असा इशारा देऊन क्लायंटनं तरीही विश्वास ठेवायचा का असं विचारलं, तर कारण कळेपर्यंत होकार देऊ नका. मधे बसलेला ऑफिसचा प्रॉक्सी आहे की हॉटेलच्या वायफायवरचा भुरटा, हे त्या चौकटीवरून कळत नाही.

पाकीट फोडलं जातंय हे कळलं, पण ब्राउझरला जाऊ देऊन क्लायंटलाच का अडवलं जातं, हे राहिलं. ब्राउझर सर्व्हरशी बोलतो तेव्हा बहुतेक वेळा दोनच क्रियापदं वापरतो, `GET` म्हणजे दे आणि `POST` म्हणजे घे. नेक्स्टक्लाउडचा क्लायंट वेबडॅव्ह या पद्धतीनं बोलतो. फोल्डरमध्ये काय काय आहे हे विचारायला त्याला `PROPFIND` लागतं, नवा फोल्डर करायला `MKCOL`, नाव किंवा जागा बदलायला `MOVE`. पद्धत जुनी आहे, 1999 पासूनची, पण कडक बसवलेल्या प्रॉक्सीला ही क्रियापदं अनोळखी वाटतात. ते तपासायला ऑफिसच्या प्रॉक्सीचा पत्ता घालून दोन ओळी चालवल्या. `curl.exe` आताच्या विंडोजमध्ये आधीपासून असतं.

```
curl.exe -i -x http://10.0.0.5:8080 https://files.example.org/status.php
curl.exe -i -x http://10.0.0.5:8080 -X PROPFIND https://files.example.org/remote.php/dav/files/user/
```

पहिल्या ओळीला सर्व्हरचं नेहमीचं उत्तर आलं, त्यात `"installed":true` होतं. दुसऱ्या ओळीला 403 आलं आणि खाली ऑफिसच्या गेटवेचं पान: ही विनंती धोरणानुसार नाकारली आहे. हीच ओळ हॉटस्पॉटवर, प्रॉक्सीचा भाग काढून, चालवली तेव्हा 401 आलं. 401 चा अर्थ 'पासवर्ड दे'. पासवर्ड आम्ही दिलाच नव्हता, म्हणजे हाक खुद्द सर्व्हरपर्यंत पोचली होती. 407 आलं असतं तर तेही पासवर्डच मागणं, पण प्रॉक्सीचं. हा क्रमांक प्रॉक्सीसाठीच राखलेला आहे, तो दिसला की मधे प्रॉक्सी आहे याची शंकाच उरत नाही.

पाकीट न फोडणाऱ्या प्रॉक्सीला `PROPFIND` दिसूच शकत नाही. त्याला फक्त सर्व्हरचं नाव आणि पोर्ट कळतं. त्यामुळे क्रियापदावरून अडवणूक आणि सर्टिफिकेटवरची परकी सही या दोन गोष्टी एकाच बोटाकडे निर्देश करत होत्या.

तुमच्याकडे गोष्ट उलटी निघू शकते. ऑफिसातही आणि हॉटस्पॉटवरही `curl.exe` ला उत्तर मिळतं, पण क्लायंट अडतो. रस्ता मोकळा आणि एकच प्रोग्राम अडलेला, म्हणजे प्रोग्राम नावानं ओळखणारा कुणी तरी लॅपटॉपमध्येच आहे. मग अँटिव्हायरसच्या इतिहासात क्लायंटचं नाव शोधा. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवत नाही, बाहेरून येणाऱ्या अडवतो. म्हणून नेक्स्टक्लाउडसारख्या, स्वतःहून बाहेर जाणाऱ्या क्लायंटच्या बाबतीत त्याच्यावर संशय शेवटी घ्यावा. संगणक ते संगणक थेट बोलणाऱ्या सिंकथिंगची गोष्ट वेगळी, त्याला 22000 या पोर्टवर बाहेरूनही हाक येऊ शकते.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तुमच्या फाइली वर जातात, पण दुसऱ्यांच्या खाली उतरत नाहीत, तर नेटवर्ककडे बघूच नका. विंडोज डिफेंडरमध्ये 'Controlled folder access' नावाची सोय आहे, खंडणीखोर व्हायरसपासून फाइली वाचवण्यासाठी. ती चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही, वाचू मात्र देते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या नोंदींत 1123 क्रमांक सापडला तर तीच ती. मग त्या एका क्लायंटला परवानगी द्या, सोय चालूच राहू द्या.

बहिणीनं शेवटी सिस्टिम अ‍ॅडमिनना पत्र लिहिलं. 'सिंक होत नाही' हे वाक्य त्यात नव्हतं. सर्व्हरचं नाव, पोर्ट, चाचणीची तारीख आणि वेळ, दोन्ही आज्ञा त्यांच्या उत्तरांसह, दोन्ही नेटवर्कवरच्या सर्टिफिकेटची चित्रं आणि एकच मागणी: या एका सर्व्हरचं पाकीट फोडू नये, किंवा ते जमत नसेल तर त्याच्यापुरती वेबडॅव्हची क्रियापदं जाऊ द्यावीत. नेमकी वेळ दिल्यामुळे त्यांना प्रॉक्सीच्या नोंदीत ती ओळ लगेच सापडली. सवलत द्यायची की नाही हा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांचाच असायला हवा. ऑफिसचे नकाशे रोज स्वतःच्या हॉटस्पॉटवरून पाठवायचा चोरटा मार्ग मी तिला सुचवला नाही, तुम्हीही धरू नका.

त्यांनी पहिला पर्याय मान्य केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वायफायवर सर्टिफिकेटवर लेट्स एन्क्रिप्टचं नाव दिसलं, `PROPFIND` ला 401 आलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे नकाशे उतरले होते.