गुलाबी गेला, पिवळा आला: दोन सोड्यांचा एका ब्युरेटमध्ये हिशोब

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवले, तर पांढऱ्या पुडीकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही की त्यात कोण किती आहे. बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत मात्र हे काम एक ब्युरेट, एक चंबू आणि दोन बाटल्यांतले थेंब करून टाकतात. पहिल्या बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन, दुसरीत मिथिल ऑरेंज.

आम्ल तेच, पण काम दोन टप्प्यांत

ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायला लागलं की ते आधी कार्बोनेटवर जातं आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतं. मिश्रणात मुळापासून असलेलं बायकार्बोनेट तोवर जवळपास जसंच्या तसं राहतं. कार्बोनेट संपलं की द्रावणाचा पीएच 8.3 च्या आसपास येतो, आणि नेमका तिथेच फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जातो. म्हणजे गुलाबी गेला तेव्हा कार्बोनेटचं काम फक्त अर्धं झालेलं असतं! उरलेलं अर्धं, आणि सोबत मूळचं सगळं बायकार्बोनेट, पुढच्या टप्प्यात संपतं. तेव्हा फसफस होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पीएच 4 च्या जवळ मिथिल ऑरेंज पिवळ्याचं नारिंगी होतं.

बाटल्यांचा क्रम का बदलत नाही?

फिनॉल्फ्थॅलिन पहिल्या टप्प्यानंतर रंगहीन होतं, त्यामुळे ते चंबूत राहिलं तरी पुढच्या कामात लुडबुड करत नाही. मिथिल ऑरेंज मात्र अल्कधर्मी द्रावणात पिवळं असतं. ते सुरुवातीलाच टाकलं तर गुलाबी आणि पिवळा मिसळून असा काही रंग होईल, की गुलाबी कधी गेला ते डोळ्याला धड कळणारच नाही. जाता जाता: आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये तयार केलेलं हे फिनॉल्फ्थॅलिन पुढे कित्येक दशकं जुलाबाचं औषध म्हणूनही विकलं जात होतं.

एक हिशोब, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

2.00 ग्रॅम मिश्रण गार पाण्यात विरघळवून 250 मिली केलं. त्यातलं 25 मिली पिपेटने चंबूत घेतलं. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर आम्ल आहे. गुलाबी रंग 9.0 मिलीवर गेला. मग मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले, ब्युरेट न भरता तसंच पुढे चालवलं, आणि नारिंगी छटा 30.0 मिलीवर आली.

पहिला टप्पा 9.0 मिलीचा, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात 21.0 मिली लागलं. कार्बोनेटला पहिल्या टप्प्यात जेवढं आम्ल लागतं तेवढंच दुसऱ्यात लागतं, म्हणून या 21.0 मधले 9.0 त्याचेच. उरलेले 12.0 मिली मूळच्या बायकार्बोनेटचे. आता 9.0 मिली म्हणजे 0.9 मिलिमोल कार्बोनेट. त्याला 106 ने गुणलं की 95.4 मिलिग्रॅम. आणि 12.0 मिली म्हणजे 1.2 मिलिमोल बायकार्बोनेट, गुणिले 84, म्हणजे 100.8 मिलिग्रॅम. 25 मिलीत आपण 200 मिलिग्रॅम मिश्रण घेतलं होतं. म्हणजे कार्बोनेट 47.7 टक्के, बायकार्बोनेट 50.4 टक्के आणि उरलेले 1.9 टक्के ओलावा किंवा मीठ वगैरे, ज्यांना आम्ल हातही लावत नाही.

आकडेच सांगतात, पुडीत काय आहे

दोन्ही टप्प्यांना सारखंच आम्ल लागलं, तर नुसतं कार्बोनेट. पहिल्या टप्प्यात गुलाबी रंगच आला नाही किंवा पुसटसा येऊन पहिल्याच थेंबाला गेला, तर नुसतं बायकार्बोनेट. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा लहान निघाला, तर आत कॉस्टिक सोडा आहे. आणि कॉस्टिक सोडा व बायकार्बोनेट एका द्रावणात कधीच सोबत सापडत नाहीत, कारण भेटले की ते लगेच कार्बोनेट होऊन बसतात.

ट्रोना नावाचं खनिज यात खास आहे. त्याच्या स्फटिकात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे आयन एकास एक असतात. म्हणून शुद्ध ट्रोनाचं एकूण रीडिंग पहिल्या रीडिंगच्या बरोबर तिप्पट येतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या खाणींतून काढलेल्या ट्रोनापासून सोडा ॲश बनवतात.

आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणीही याच दोन सोड्यांमुळे अल्कधर्मी आहे. त्यात भरपूर मीठही आहे, पण हे अनुमापन मीठ मोजत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

सगळा घोळ पहिल्या एंड पॉइंटचा

मिथिल ऑरेंजचा बदल बऱ्यापैकी ठळक असतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी मात्र झटकन जात नाही, फिकट फिकट होत विरतो, आणि दोन माणसांची रीडिंगं जुळत नाहीत. समजा, वरच्या उदाहरणात गुलाबी 9.0 ऐवजी 9.2 वर गेला असं वाटलं. कार्बोनेट 0.2 मिलीने वाढलं. पण बायकार्बोनेट 12.0 वरून 11.6 वर, म्हणजे दुपटीने खाली आलं! कारण एकूण 30.0 मधून पहिलं रीडिंग दोनदा वजा होतं. चंबूत बायकार्बोनेट जितकं कमी, तितका हा फटका मोठा.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या चंबूत तेवढ्याच आकारमानाचं शुद्ध बायकार्बोनेटचं द्रावण घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे तेवढेच थेंब टाका आणि पांढऱ्या फरशीवर दोन्ही चंबू शेजारी ठेवून रंग जुळेपर्यंत आम्ल टाका. काही जण थायमॉल ब्लू आणि क्रेसॉल रेड यांचं मिश्रण वापरतात. ते पीएच 8.3 च्या आसपास जांभळ्याचं गुलाबी होतं आणि हा बदल जास्त स्पष्ट दिसतो.

दुसरा शत्रू म्हणजे घाई. आम्ल धारेने सोडलं की जिथे ते पडतं तिथे कार्बोनेट बायकार्बोनेटवर न थांबता थेट कार्बन डायऑक्साइड होतं. तो उडून गेला की पहिल्या टप्प्याला जास्त आम्ल लागतं आणि कार्बोनेट खोटं वाढतं. म्हणून गुलाबी फिका व्हायला लागला की एकेक थेंब, आणि चंबू हलक्या हाताने गोल फिरवायचा, आपटायचा नाही.

तिसरा शत्रू उष्णता. मिश्रण लवकर विरघळावं म्हणून द्रावण गरम केलं, तर बायकार्बोनेटचं कार्बोनेट व्हायला लागतं. कोरडा खाण्याचा सोडा भट्टीत पूर्ण तापवला तर त्याचं 37 टक्के वजन पाणी आणि वायू होऊन निघून जातं आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. तेव्हा पाणी आधी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवावा आणि ते पूर्ण गार झाल्यावरच पुडी त्यात सोडावी.

परीक्षेत गुण जातात ते बहुतेक एका साध्या जागी. दुसरं रीडिंग शून्यापासून मोजलेलं आहे की पहिल्या एंड पॉइंटपासून, हे वहीत लिहिलेलंच नसतं. शून्यापासून असेल तर बायकार्बोनेटसाठी पहिलं रीडिंग दोनदा वजा करा, पहिल्या एंड पॉइंटपासून असेल तर एकदाच. आकडे मांडण्याआधी तक्त्यात हे एक वाक्य जरूर लिहा.