न धावलेल्यांची यादी

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या रेघा उमटतात, दोन-तीन दिवस शिट्ट्या घुमतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं वाटली जातात. मग आठवड्याभरात पी.टी.चे सर किंवा बाई मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक अहवाल ठेवतात. ‘वार्षिक क्रीडा स्पर्धा उत्साहात पार पडल्या’ हे त्यातलं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं. पुढे विजेत्यांचा तक्ता, पाहुण्यांचे आभार आणि शेवटी ‘मैदानाची डागडुजी व्हावी, पुरेसं साहित्य मिळावं’ अशी एक ओळ. मुख्याध्यापक सही करतात, कागद फाइलला लागतो. पुढच्या वर्षी तारीख बदलून तोच परत येतो.

यात खोटं काही नसतं. पण मुख्याध्यापकांना जे कळायला हवं, नेमकं तेच बहुतेक वेळा राहून जातं. कोण जिंकलं हे त्यांनी मंचावरून स्वतः पाहिलेलं असतं. कोण मैदानावर उतरलंच नाही, हे मंचावरून दिसत नाही. ते फक्त क्रीडाशिक्षकाच्या कागदांत असतं, तेही शोधलं तर.

उदाहरणासाठी पाचवी ते दहावीची एक शाळा मनाशी धरू. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ५० मुलं, म्हणजे एकूण ६००. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण चित्र क्रीडाशिक्षकांना ओळखीचं वाटेल. अहवालात लिहिलं आहे : ‘एकूण सहभाग ५४०.’ सहाशेंत पाचशे चाळीस, म्हणजे नव्वद टक्के. संस्थाचालक खूश, पालकसभेत टाळ्या.

आता स्पर्धावार याद्या उघडून बघा. १०० मीटरच्या यादीत असलेली आठवीतली मुलगी २०० मीटरच्या यादीत आहे, लांब उडीत आहे, रिलेत आहे आणि खो-खोच्या संघातही आहे. ती एकटी पाच वेळा मोजली गेली. ५४० हा नोंदींचा आकडा आहे, मुलांचा नव्हे. एकेक नाव एकदाच धरून मोजलं, तर आपल्या या शाळेत २३५ मुलं निघतात. त्यांतल्या ६० जणांच्या नावावर २७० नोंदी आहेत, म्हणजे निम्मी स्पर्धा शाळेतल्या दहा टक्के मुलांनीच खेळली. आणि ३६५ मुलं सावलीत बसून टाळ्या वाजवत होती. नव्वद टक्क्यांचे एकोणचाळीस झाले.

उलटी चूकही होते. काही शाळांत रिलेचा किंवा कबड्डीचा अख्खा संघ एक नोंद म्हणून लिहितात, मग मुलं प्रत्यक्षाहून कमी दिसतात. शिवाय नाव दिलं पण त्या दिवशी आलाच नाही, अशीही मुलं असतातच. म्हणून मोजायचं ते आरंभरेषेवर प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या मुलांना. याला संगणक लागत नाही. तुकडीच्या हजेरीपटाची एक प्रत घ्यायची, स्पर्धेच्या याद्या शेजारी ठेवायच्या आणि धावलेल्या प्रत्येक नावापुढे एक खूण करायची. तेच नाव पुन्हा आलं तर त्याच ओळीत दुसरी खूण. वर्गशिक्षकांनी मनावर घेतलं तर एका मोकळ्या तासिकेत तुकडी संपते. ज्या नावांपुढे काहीच नाही, ती यादी हे या अहवालाचं सगळ्यात मोलाचं पान.

ही यादी नुसती बेरीज करून ठेवू नये. इयत्ता, तुकडी आणि मुलगा-मुलगी अशी फोड केली की ती बोलू लागते. दहावीत मुलं आणि मुली दोघांचाही आकडा घसरला असेल, तर कारण बहुधा सराव परीक्षा आणि क्लास. सातवी ‘अ’मधून तीस मुलं आणि ‘ब’मधून चारच, असं असेल तर मुलांत दोष शोधू नका. ‘ब’ तुकडीत सूचना वाचली गेली होती का, नावं कोणी घेतली, एवढं बघा. आणि पाचवीत मुली मुलांच्या बरोबरीने असून आठवी-नववीत फक्त मुलींचाच आकडा कोसळला असेल, तर कारण परीक्षेचं नाही.

ते कारण मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून सापडत नाही. बाईंनी मुलींना चार भिंतींत, सरांच्या गैरहजेरीत विचारलं तर उत्तरं अगदी साधी निघतात. गणवेशाच्या स्कर्टवर धावायचं होतं आणि ट्रॅकपँट घालायला परवानगी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मैदानापासून स्वच्छतागृह लांब होतं किंवा त्याला कुलूप होतं. पाळी होती. अंतिम फेऱ्या दुपारी उशिरा होत्या आणि गावाकडे जाणारी एसटी चुकली असती. यांतलं एकही कारण ‘मुलींना खेळात रस नाही’ असं नाही, तरी अहवालात तेवढंच वाक्य पडतं. वास्तविक यातली बहुतेक कारणं एका सूचनापत्रकाने, एका किल्लीने आणि वेळापत्रकातल्या अदलाबदलीने सुटणारी आहेत.

निकालांचा भाग याच्या मानाने सोपा, पण तिथेही एक खोड आहे : शाळेचा विक्रम. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १४.५२ सेकंद आले, अहवालात ‘नवा विक्रम १४.५२’ असं छापून आलं. हाताने घड्याळ दाबून घेतलेल्या वेळेत शंभराव्या भागाला अर्थ नसतो, कारण बोटाचा उशीर त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत अशी वेळ पुढच्या दशांशापर्यंत वाढवून लिहितात. १४.५२ ची नोंद १४.६ अशी होते. तीन वेळाधिकारी असतील तर मधली वेळ धरायची, दोनच असतील तर जास्तीची.

त्याहून मोठी गफलत शिट्टीची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आरंभरेषेवर वाजलेली शिट्टी शंभर मीटरवर उभ्या असलेल्या वेळाधिकाऱ्याच्या कानी पडायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. तो शिट्टी ऐकून घड्याळ दाबतो, तोवर मुलगी धावायला लागलेली असते, आणि तिची वेळ तेवढी कमी लागते. चौदा-पंधरा सेकंदांत शंभर मीटर धावणारी मुलगी एवढ्यात दोन मीटर पुढे जाते. दुसरीकडे कुणी झेंडा खाली येताना पाहून घड्याळ लावलं असेल, तर त्या वर्षाची वेळ ‘खराब’ दिसेल. दोन वर्षांच्या विक्रमांची तुलना करायची, तर इशारा डोळ्यांनी पाहिला की कानांनी ऐकला, हे अहवालात लिहिलेलं हवं. तसंच अंतरही. शहरातल्या कित्येक शाळांत शंभर मीटरची सरळ पट्टी बसतच नाही, ऐंशी मीटर आखून तिलाच ‘१०० मीटर’ म्हणतात. ऐंशी असेल तर ऐंशी लिहावं. त्यात लाज कसली? तालुका स्पर्धेला मुलं पाठवताना याच वेळा बघून निवड होते, आणि तिथे गेल्यावर पोरगी मागे पडली की दोष तिच्यावर येतो.

आता सूचना. ‘मैदान सुधारावे’ या वाक्यावर मुख्याध्यापकांना काहीच करता येत नाही. किती खर्च, कोण करणार, कधीपर्यंत, यांतलं एकही त्यात नाही. मंजूर होणारी सूचना कशी असते, ते प्रथमोपचाराच्या वहीतून कळतं. समजा, त्या वहीत त्या दिवशीच्या सात नोंदी आहेत आणि त्यांतल्या चार अंतिम रेषेच्या पलीकडच्या आहेत : तळहात सोलला, खांदा आपटला, गुडघा फुटला. जाऊन मोजलं तर अंतिम रेषेपासून कुंपणाची भिंत सहा मीटरवर आहे. मोठ्या स्पर्धांच्या ट्रॅकला रेषेपलीकडे किमान १७ मीटर मोकळी जागा ठेवतात, कारण पूर्ण वेगातल्या धावपटूला तेवढी लागते. मग सूचना अशी लिहायची : ‘पुढील वर्षी शर्यत शंभरऐवजी ऐंशी मीटरची ठेवावी आणि अंतिम रेषा भिंतीपासून किमान १७ मीटर अलीकडे आखावी. खर्च नाही. जबाबदारी माझी.’ असा कागद कोणते मुख्याध्यापक अडवतील?

सगळ्यात मोठी सूचना मात्र त्या न धावलेल्यांच्या यादीवरची. ३६५ मुलांना मैदानावर आणायला आणखी एक दिवस वाढवून किंवा लिंबू-चमचा घालून फारसं काही होत नाही. ऐच्छिक नावं मागितली की तीच साठ मुलं हात वर करणार. उपाय स्पर्धेच्या दिवशी नाही, त्याआधीच्या पंधरवड्यात आहे. प्राथमिक फेरी शारीरिक शिक्षणाच्या तासिकेतच घ्यायची, आणि नाव न मागता अख्ख्या तुकडीला धावायला लावायचं. तुकडीत ५० मुलं, आखलेल्या सहा रांगा, म्हणजे नऊ फेऱ्या. एका फेरीला, उभं करण्यापासून वेळ लिहीपर्यंत, दोन मिनिटं धरा. अठरा मिनिटांत तुकडी संपते आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत कवायतीलाही वेळ उरतो. बारा तुकड्यांच्या बारा तासिका. अंतर ५० मीटर ठेवलं तर आणखी एक सोय होते : ‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ५० मीटर धाव आहेच, त्यामुळे तीच वेळ तिथेही भरता येते. आजारी मुलाला, दमा असलेल्या मुलीला अर्थातच सूट, पण त्यांची नावं वेगळ्या रकान्यात. घड्याळ धरणं, नोंदी लिहिणं, अंतर मोजणं ही कामं त्यांना देता येतात, आणि ती खरीखुरी कामं आहेत.

यात अडचण एकच, पण मोठी. अनेक शाळांत पी.टी.ची तासिका वेळापत्रकात असते, मैदानावर नसते. परीक्षेआधी ती गणिताला जाते. त्या पंधरवड्यात तरी ती कोणी घेऊ नये, हे फक्त मुख्याध्यापकच सांगू शकतात. म्हणून अहवालातली ही सूचना क्रीडाशिक्षकाने विनंती म्हणून न लिहिता तारखांसह लिहावी : अमुक तुकडी, अमुक वार, अमुक तासिका. मग सही होते ती वेळापत्रकावर.

एवढा अहवाल दोन पानांत बसतो : पहिल्या पानावर किती मुलं उतरली आणि किती नाही, त्याची इयत्तावार फोड; दुसऱ्यावर दोन किंवा तीन सूचना. विजेत्यांचा तक्ता जोडपत्रात जावा, तो सूचनाफलकावर लागलेला असतोच. आणि कागद आठवड्याच्या आत द्यावा. महिन्याभराने स्वच्छतागृहाच्या कुलपाची आठवण कोणालाच राहत नाही.

पालक म्हणून तुम्ही पुढच्या सभेला जाल, तेव्हा बक्षिसं किती मिळाली हे विचारू नका. शाळेत किती मुलं आहेत आणि त्यांतली किती वेगवेगळी मुलं यंदा धावली, हे दोन आकडे मागा. दुसरा आकडा लगेच सांगता आला नाही, तर हजेरीपट घेऊन तो काढायला सांगा.