तीस जणांचं फ्रूट कस्टर्ड

कस्टर्ड पावडरच्या पाकिटावरचं प्रमाण बहुधा अर्ध्या लिटर दुधाचं असतं: दोन-अडीच चमचे पावडर आणि चवीप्रमाणे साखर. घरातल्या चौघांसाठी ते पुरतं आणि सहसा बिघडत नाही. बिघडतं ते वाढदिवसाला तीस माणसं यायची असतात तेव्हा. अर्ध्या लिटरला दोन चमचे तर तीन लिटरला बारा, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि पातेल्यात चुकतो.

कारण चमचा हे माप नव्हे. सपाट केलेल्या मोठ्या चमच्यात आठ-नऊ ग्रॅम पावडर येते, शीग लावून भरला तर पंधरापर्यंत जाते. अर्ध्या लिटरला हा फरक दहा-बारा ग्रॅमचा, म्हणून खपून जातो. बारा चमच्यांत मात्र एका घरी शंभर ग्रॅम पावडर पडते आणि दुसऱ्या घरी एकशेऐंशी. शंभर ग्रॅममध्ये फळं दुधात पोहत राहतात. एकशेऐंशीमध्ये गार झाल्यावर पळी उभी राहील इतकं घट्ट होतं. पाहुण्यांसाठी करायचं तर पावडर आणि साखर वजनकाट्यावरच मोजावी. काटा नसेल तर निदान पाकिटाचं वजन वाचून त्यावरून अंदाज बांधावा. बाजारात 100 ग्रॅमची पाकिटं सर्रास मिळतात.

फ्रूट कस्टर्डसाठी एक लिटर दुधाला 40 ते 45 ग्रॅम पावडर आणि 100 ग्रॅम साखर हे प्रमाण धरावं. फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध असेल तर 40 पुरते, गाईचं किंवा टोन्ड असेल तर 45 घ्यावी. वडी पडेल असं, साच्यातून उलटं काढायचं पुडिंग हवं असेल तर तेच प्रमाण 75-80 ग्रॅमवर जातं. या दोन पदार्थांची गल्लत झाली की ‘पाकिटाप्रमाणे केलं तरी बिघडलं’ अशी तक्रार ऐकू येते.

आता तीस जणांचा हिशेब. माणशी शंभर मिलिलिटर दूध आणि साठ-पासष्ट ग्रॅम चिरलेली फळं धरली की एक भरलेली वाटी होते, आणि जेवणानंतर तेवढी पुरे. म्हणजे दूध तीन लिटर, पावडर 130 ग्रॅम, साखर 300 ग्रॅम आणि चिरलेली फळं दोन किलोच्या आसपास. सालं-बिया जमेस धरून बाजारातून अडीच ते पावणेतीन किलो फळं आणावीत. साखर पुरते का हे कोमट कस्टर्ड चाखून ठरवावं. तेव्हा ते किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. केळी, चिकू, हापूस जास्त असतील तर मात्र 270 ग्रॅमवर थांबावं.

करताना तीन लिटरमधलं चारशे मिलिलिटर दूध गार ठेवून बाजूला काढा आणि पावडर त्यात कालवा. कोमट दूधही नको. पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ, म्हणजेच कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास. गरम दूध लागलं की कणांचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळी होते. मग ती कितीही घोटली तरी मोडत नाही. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळून त्यात साखर विरघळवा आणि आच मंद करा. कालवलेली पावडर एव्हाना तळाशी बसलेली असते. ती पुन्हा ढवळून बारीक धारेनं सोडा, आणि दुसऱ्या हातानं सपाट कडेच्या कलथ्यानं पातेल्याचा तळ खरवडत राहा.

दाटपणा दिसला की गॅस बंद करायची घाई होते, आणि पार्टीतल्या पातळ कस्टर्डचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. पीठ सत्तर अंशांच्या आसपास फुगायला लागतं, पण पूर्ण शिजायला त्याला उकळीच्या जवळचं तापमान लागतं. साखर स्वतः पाणी धरून ठेवते, म्हणून गोड दुधात तर आणखी वेळ लागतो. कस्टर्ड खदखदू लागल्यावर पूर्ण दोन मिनिटं ढवळत शिजवा. कच्चं राहिलं असेल तर जिभेला पिठूळ लागतं. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ही पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. अंड्याचं कस्टर्ड उकळलं की फाटतं, या पावडरीचं उकळल्याशिवाय होतच नाही. जुन्या इंग्रजी कृती वाचून उकळी टाळणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

गरम असताना दाटपणावरून निकाल देऊ नये. गार होताना कस्टर्ड बरंच आळतं. फ्रीजमध्ये आधीच ठेवलेल्या ताटलीवर एक चमचा ओतून दोन मिनिटं थांबा आणि बोटानं मधून रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून हळूहळू बुजली तर बरोबर. लगेच बुजली तर लिटरमागे आणखी दहा ग्रॅम पावडर गार दुधात कालवून घाला आणि पुन्हा उकळी आणा. रेघ तशीच राहिली तर उकळलेलं दूध वाटीवाटीनं मिसळा. चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालू नका. लाळेतलं पाचकद्रव्य पिठाचं विघटन करतं, त्यामुळे कस्टर्ड तासाभरात पाण्यासारखं होऊ शकतं.

तीन लिटर कस्टर्ड एकाच खोल पातेल्यात ठेवलं तर उन्हाळ्यात तासन्‌तास कोमट राहतं, आणि दुधाचा शिजलेला पदार्थ त्यातच नासतो. दोन पसरट भांड्यांत ओतून ती पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवा, अधूनमधून हलवा म्हणजे साय धरणार नाही, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. फ्रीजरमध्ये मात्र नको. गोठून सुटलेल्या कस्टर्डला पाणी सुटतं.

फळं वाढण्याआधी तासभर घालावीत. त्यांना पाणी सुटतं आणि केळं काळं पडतं. सफरचंद, चिकू, केळी, काळी द्राक्षं, आंबा बिनधोक. डाळिंबाचे दाणे वरून पेरावेत, आत मिसळले तर रंग उतरतो. ताजा अननस दुधातल्या प्रथिनांचं विघटन करतो आणि थोड्याच वेळात कडवटपणा येतो, म्हणून तो घालायचाच तर साखरेत पाच मिनिटं उकळून, गार करून घालावा. संत्रं आणि कलिंगड नकोच. गार कस्टर्ड आधी नुसतंच घोटून एकसारखं करा, मग फळं हलक्या हातानं मिसळा. घोटल्यावर ते थोडं सैल होतं, तेवढी सूट 130 ग्रॅममध्ये धरलेली आहे.

प्रत्येक कंपनीची पावडर आणि प्रत्येक घरचं दूध थोडं वेगळं असतं. म्हणून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्याच दुधाचं अर्धा लिटर कस्टर्ड 22 ग्रॅम पावडर आणि 50 ग्रॅम साखर घालून करून पाहा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी चाखा, आणि जे प्रमाण पसंत पडेल त्याला सहानं गुणा.