जर्मन बिलं, पुण्यातला क्लेम

चाकणच्या कारखान्यातला एखादा अभियंता म्युनिकला आठवडाभर काम करून परततो, तेव्हा त्याच्या बॅगेत बिलांचा चांगला जाड जुडगा असतो. जर्मनीत इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्या दुकानदारांना जानेवारी 2020 पासून पावती द्यावीच लागते. त्यामुळे बेकरीतल्या एका पावाचीही पावती हातात पडते. इथे कंपनीच्या पोर्टलवर चौकटी ठरलेल्या असतात: मुक्काम, जेवण, प्रवास, कर. जर्मन ओळी त्यांत बसवताना क्लेम अडकतो, तो बहुतेकदा करापाशी.

समजा, 2025च्या ऑक्टोबरातलं हॉटेलचं बिल आहे. ‘युबरनाख्टुंग’ म्हणजे मुक्काम: तीन रात्री, दर रात्री 107 युरो, एकूण 321. ‘फ्रूश्टुक’ म्हणजे न्याहारी: तीन वेळा 11.90 प्रमाणे 35.70. मिनिबारमधली एक बिअर 5.95. बेरीज 362.65 युरो. छापताना मात्र दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, आणि हजारांनंतर टिंब. 1.250,00 म्हणजे साडेबाराशे युरो; घाईत कुणी ते सव्वा युरो वाचलं तर नुकसान क्लेम करणाऱ्याचंच.

खाली एक छोटा तक्ता असतो. त्यात ‘नेट्टो’ म्हणजे कराआधीची रक्कम, ‘मेहरवेर्टश्टॉयर’ म्हणजे मूल्यवर्धित कर आणि ‘ब्रुट्टो’ म्हणजे करासकट रक्कम. खोलीवर 7 टक्के कर, म्हणून 300 युरोवर 21. न्याहारी आणि बिअरवर 19 टक्के, म्हणून 35 युरोवर 6.65. दोन्ही मिळून कर 27.65. हा कर 362.65 मध्ये आधीच मुरलेला आहे. आपल्या हॉटेलांत जेवणाची रक्कम आधी आणि जीएसटी तिच्याखाली वाढवलेला, अशी सवय असल्याने पुष्कळ जण इथेही कर पुन्हा मिळवतात आणि 390.30 युरो मागतात. बिलावरचा आकडा कार्डाच्या स्टेटमेंटशी जुळवला की ही चूक लगेच सापडते.

दुसरी चूक जास्त महागाची. पोर्टलवर ‘जीएसटी’ची चौकट दिसते, मग कुणी त्यात 27.65 टाकतं. जर्मन कर हा आपला जीएसटी नव्हे, त्याचं इनपुट क्रेडिट कंपनीला मिळत नाही. ती रक्कम खर्चाचाच भाग म्हणून मुक्काम आणि न्याहारीच्या रकमेत राहू द्यायची. पर्यटकांना विमानतळावर कर परत मिळतो तो सोबत नेलेल्या वस्तूंवरचा. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही.

एकाच बिलावर दोन दर का? जर्मनीने 2010 मध्ये मुक्कामावरचा कर 7 टक्क्यांवर आणला, न्याहारीवरचा मात्र तसाच ठेवला. तेव्हापासून हॉटेलांना दोन्ही वेगळं दाखवावं लागतं. (2026च्या जानेवारीपासून जेवणावरचाही कर 7 टक्के झाला, पेयांवर अजून 19च.) काही हॉटेलं न्याहारी, इंटरनेट, पार्किंग असं सगळं ‘बिझनेस पॅकेज’ या एका ओळीत घालतात. नाव भारदस्त असलं तरी आत न्याहारी असते. कंपनी रोजचा भत्ता देत असेल आणि न्याहारी हॉटेलने दिली असेल, तर भत्त्यातून तेवढा भाग कापण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. अकाउंट्सवाले विचारतात ते याचसाठी. पॅकेजमध्ये काय होतं हे हॉटेलकडून दोन ओळींत लिहून घेतलं की पुढची लांबलचक ई-मेल वाचते.

बर्लिनमध्ये मुक्काम असेल तर आणखी एक ओळ येते, शहराच्या मुक्काम कराची. कामासाठी आलेल्यांवरही तो एप्रिल 2024 पासून लागू झाला आणि 2025 पासून खोलीच्या दराच्या साडेसात टक्के आहे. नावात कर असला तरी तो जातो मुक्कामाच्या खर्चात.

किराणा दुकानाच्या पावतीवर प्रत्येक किमतीपुढे ए किंवा बी असं अक्षर असतं. कोणतं अक्षर कुठल्या दराचं, हे पावतीच्या तळाशी दिलेलं असतं आणि दुकानागणिक बदलू शकतं, म्हणून अंदाज करू नये. पाण्याच्या बाटलीसोबत ‘फान्ट’ म्हणून 0.25 युरो जास्त घेतलेले दिसतात. ती अनामत आहे. रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत मिळते, त्यामुळे क्लेममधून वजा करणंच बरं. बिअरचे 5.95 तर बहुतेक कंपन्यांत स्वतःच्या खिशातून जातात.

पाहुण्यांना जेवायला नेलं असेल तर ‘बेविर्टुंग्सबेलेग’ मागून घ्यावी. साध्या पावतीवर नसलेल्या रिकाम्या ओळी तिच्यावर असतात: सोबत कोण होतं, जेवणाचं निमित्त काय, आणि टीप किती दिली. टीप बिलात छापलेली नसेल तर वेटरकडून रक्कम लिहून सही घ्यावी लागते. नंतर स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा कुणी मानत नाही.

राहिला प्रश्न युरोचे रुपये करण्याचा. कंपनी कार्डाच्या स्टेटमेंटवरचा दर धरते की ठरावीक दिवसाचा, हे तिच्या धोरणात लिहिलेलं असतं. हॉटेलचं कार्ड-यंत्र ‘रुपयांत भरणार का?’ असं विचारतं तेव्हा युरोच निवडावा. रुपये निवडले तर दर यंत्रामागची सेवा ठरवते, तो सहसा महाग असतो, आणि बिलावर युरो, स्टेटमेंटवर रुपये, असा न जुळणारा जोड अकाउंट्सच्या टेबलावर जातो.