पाळीच्या रक्ताचा रंग

पाळीचा डाग तपकिरी दिसला की अनेकजणी घाबरतात. आत काहीतरी बिघडलंय, ‘घाण रक्त’ साठलंय, असं वाटू लागतं. खरं तर रंगावरून मुख्यतः एकच गोष्ट कळते: ते रक्त गर्भाशयातून बाहेर यायला किती वेळ लागला. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा जितका जास्त वेळ संबंध येतो, तितकं रक्त गडद होतं आणि शेवटी तपकिरी दिसू लागतं.

पाच दिवसांची एखादी पाळी पाहा. पहिल्या संध्याकाळी नुसता गुलाबी डाग दिसतो, कारण थोडंसं रक्त योनीतल्या पांढऱ्या स्रावात मिसळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी प्रवाह जोरात असतो, रक्त थांबत नाही, म्हणून ते लालभडक असतं. तिसऱ्या सकाळी उठल्यावर काळपट लाल रक्त आणि एखादी छोटी गाठ पडते, कारण रात्रभर आडवं असताना ते आत साचलेलं असतं. पाचव्या दिवशी उरलंसुरलं रक्त सावकाश उतरतं, तेव्हा ते तपकिरी असतं. यातलं काहीच आजाराचं लक्षण नाही.

फिकट, पाण्यासारखं रक्त पाहून ‘अंगात रक्तच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. पण पंडुरोग पॅडवर पाहून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासावं लागतं, आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर पंडुरोग म्हणतात. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावरही गुलाबी, कमी रक्तस्राव होऊ शकतो. उलट लालभडक रक्त ‘चांगलं’ म्हणून दुर्लक्षित राहतं. ते सात दिवसांपलीकडे चाललं, सलग काही तास दर तासाला पॅड बदलावा लागला किंवा दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडल्या, तर डॉक्टरांकडे जायला हवं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींमुळेही असं होऊ शकतं.

तपकिरी डागाची चिंता त्याच्या वेळेवरून ठरते. समजा, पाळी दहा दिवस लांबली आणि नंतर नेहमीसारखा स्राव न होता नुसते तपकिरी डाग दिसले, तर ‘आली एकदाची’ म्हणून सोडून देऊ नका. आधी घरच्या घरी लघवीची गर्भचाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. नळी फुटली तर जीव धोक्यात येतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावरचा डाग मात्र कोणत्याही रंगाचा असो, एकदाच आणि चिमूटभर असो, दाखवायलाच हवा. बहुतेकदा कारण साधं निघतं, योनीचं अस्तर पातळ झालेलं असतं. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते. डॉक्टर सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात आणि गरज वाटली तर त्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात.