सात सेकंदांचं फिनिशिंग

अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलींच्या आजूबाजूला लेथची छोटी वर्कशॉप आहेत. तुरीचा हंगाम सुरू झाला की मिलींतून झिजलेले शाफ्ट, रोलर, पुल्या तिथे येऊन पडतात. बहुतेक कामांना ड्रॉइंग नसतंच. जुना तुकडा समोर ठेवायचा, व्हर्निअर लावायचा आणि तसाच नवा बनवायचा. त्या दिवशी मात्र अमरावतीहून एका शाफ्टचं ड्रॉइंग आलं होतं. ४० मिलिमीटर व्यासाची, १८ मिलिमीटर रुंद बेअरिंग सीट, त्यावर ६२०८ नंबरचं बेअरिंग, आणि सीटच्या रेघेवर टेकलेल्या खुणेपाशी आकडा : १.६.

टर्नरने तो आकडा पाहिला आणि सोडून दिला. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. माप मायक्रोमीटरने घ्यायचं आणि फिनिश नखाने, असा त्याचा हिशेब. ईएन-८ चा जॉब फिरत होता, सीट चमकत होती. मालकाचा मुलगा डिप्लोमा करून नुकताच वर्कशॉपमध्ये बसू लागला होता. त्याने विचारलं, "काकाजी, नोज किती हाये? फीड किती?"

"नोज पॉइंट चार, फीड पॉइंट दोन. नेहमीचंच. काहून?"

पोराने मोबाइलवर दोन बोटं चालवली आणि म्हणाला, "मंग हे तीन पॉइंट दोन येते. दुप्पट."

जॉब मोजण्याआधीच त्याने निकाल दिला होता. त्यामागचं गणित फार मोठं नाही. लेथवर काढलेला पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी तो खरं तर बारीक आट्यांचा असतो. जॉब एक फेरा घेतो तेवढ्यात टूल फीडइतकं पुढे सरकतं. फीड ०.२ असेल तर दर ०.२ मिलिमीटरवर टूलच्या गोल टोकाचा एक चर उमटतो आणि दोन चरांच्या मध्ये एक कंगोरा उरतो. चर जितके लांब लांब, तितका कंगोरा उंच. टोकाची गोलाई जितकी मोठी, तितका चर उथळ.

कंगोऱ्याची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट. ०.२ फीड आणि ०.४ नोजला ती साडेबारा मायक्रॉन भरते. ड्रॉइंगवरचा आकडा मात्र या उंचीचा नसतो. तो आरएचा, म्हणजे सरासरी रेषेपासून पृष्ठभाग वर-खाली किती जातो त्याच्या सरासरीचा असतो. अशा चरांसाठी आरए उंचीच्या साधारण चौथाई येतो :

Ra = 32.1 × f² / r

फीड आणि रेडियस मिलिमीटरमध्ये घातले की उत्तर मायक्रॉनमध्ये मिळतं. ०.२ चा वर्ग ०.०४, त्याला ३२.१ ने गुणलं आणि ०.४ ने भागलं की ३.२. मर्यादा १.६.

टर्नरचा प्रश्न रास्त होता. डोळ्याला दिसत नाही, नखाला जेमतेम लागतं, मग बिघडतं काय? बिघडतं ते बेअरिंग बसवताना. मायक्रोमीटरचे जबडे कंगोऱ्यांच्या माथ्यावर टेकतात. अशी सीट सहसा के-६ फिटची असते, म्हणजे ४० वर २ ते १८ मायक्रॉन जास्त. समजा माप ४०.०१२ आलं. जास्तीचे बारा मायक्रॉन, आणि दोन्ही बाजूंना साडेबारा मायक्रॉनचे कंगोरे! बेअरिंग दाबताना माथे चेपतात आणि मोजलेली पकड कमी होते. काही महिन्यांनी आतली रिंग शाफ्टवर सरकू लागते, सीट घासते, आणि शाफ्ट पुन्हा त्याच वर्कशॉपच्या दारात.

टर्नरचा पहिला उपाय ठरलेला : एमरी पेपर. त्याने माथे घासले जातात आणि चमकही येते. पण हाताचा दाब सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे सीटचा गोलपणा आणि व्यास दोन्ही हलतात. शिवाय एमरीचा कण बेअरिंगमध्ये गेला तर वेगळीच कटकट.

मग उरतात दोन वाटा. ०.४ चाच इन्सर्ट ठेवून फीड ०.१ केलं तर आरए ०.८ येतो. फीड निम्मं झालं की खडबडीतपणा निम्मा नव्हे, चौथाई होतो, कारण फीडचा वर्ग आहे. दुसरी वाट ०.८ नोजची. तिथे नोज दुप्पट केल्याने आरए फक्त निम्मा होतो. ०.२ फीडला तो बरोबर १.६ येतो, म्हणजे काठावर, आणि काठावर कधी काम करू नये. सूत्रातला आकडा हा धार अगदी नवी, मशीन अगदी घट्ट आणि धातू स्वच्छ कापला गेला असं धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात तो वरच सरकतो. म्हणून हिशेबात मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास राहिलेलं बरं. ०.८ नोज आणि ०.१५ फीडला ०.९ येतो.

मग १.२ चा नोज लावून मोकळं का होऊ नये? नोज मोठा झाला की टूल जॉबला बाजूला जास्त ढकलतं. आखूड, जाड जॉबला ते चालतं. डाळ मिलचा लांब शाफ्ट मात्र थरथरायला लागतो, आणि पृष्ठभागावर आट्यांऐवजी चॅटरच्या लाटा उमटतात. त्या या सूत्रात कुठेच नसतात.

फीड कमी करत जाण्यालाही तळ आहे. ०.०५ फीडला ०.८ नोजने कागदावर ०.१ मायक्रॉन येतो, जॉबवर तो येत नाही. धारेलाही स्वतःची थोडी गोलाई असते. चिप तिच्यापेक्षा पातळ झाली की धार कापणं सोडून घासू लागते. "सावकाश घेऊ" म्हणत फीडबरोबर आरपीएमही उतरवणाऱ्यांची गत आणखी वाईट होते. मिनिटाला वीस-तीस मीटरच्या वेगाला पोलाद टोकावर चिकटतं, मग सुटताना पृष्ठभाग ओरबाडून नेतं. अशी सीट चमकत नाही, ती मळकट आणि फाटल्यासारखी दिसते. फीड बरोबर असूनही असं दिसलं तर आधी वेग वाढवून पाहावा.

ब्रेझ केलेल्या, हाताने ग्राइंडरवर लावलेल्या टूलला तर हे गणित लागूच करता येत नाही. त्याची गोलाई किती, हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पोराने ०.८ चा इन्सर्ट लावायला सांगितला. टर्नरने फीडचा लिव्हर ०.१५ वर आणला. मशीन ८०० आरपीएमवर, म्हणजे ४० च्या व्यासाला मिनिटाला शंभर मीटर. १८ मिलिमीटरची सीट ०.२ फीडने पावणेसात सेकंदांत होते, ०.१५ ने नऊ सेकंदांत. ०.४ च्या इन्सर्टवर ०.१ ने केली असती, तरी साडेतेरा सेकंद. वाचवायचे म्हणून ज्यांच्यासाठी एवढी ओढाताण, ते जास्तीत जास्त सात सेकंद.

शाफ्ट अमरावतीला गेला, तिथे टेस्टर लावला गेला. टेस्टरची हिऱ्याची सुई शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, चरांना आडवी चालवावी लागते. चरांच्या दिशेने चालवली तर ती चरातूनच सरकते आणि वाईट सीटही पास करते. आकडा आला १.२. हिशेबापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त, तरी मर्यादेच्या आत.

इन्सर्टच्या डबीवरचा नंबर CNMG 120404 असेल तर शेवटचे दोन आकडे म्हणजे नोज ०.४, आणि CNMG 120408 असेल तर ०.८. दोन्ही डब्या बाहेरून सारख्याच दिसतात.