धारक भिंतीची स्थिरता

धारक भिंत म्हणजे दोन वेगवेगळ्या पातळ्यांमधील माती उभ्या अवस्थेत अडवून धरणारी भिंत होय. व्यवहारात तिला संरक्षक भिंत किंवा रिटेनिंग वॉल असेही म्हणतात. घाटरस्त्यांच्या कडा, पुलांची टोके, उतारावरील घरांची जोती आणि नदीकाठचे भराव अशा ठिकाणी ती बांधली जाते. मोकळी माती स्वतःच्या नैसर्गिक उतारावर पसरू पाहते. तिला उभे धरल्यास ती भिंतीला आडवा रेटा देते. या रेट्यामुळे भिंत दोन प्रकारे निकामी होऊ शकते: ती पायासह पुढे घसरते, किंवा पायाच्या पुढच्या टोकाभोवती फिरून उलथते. या दोन्ही शक्यतांविरुद्ध भिंतीपाशी किती राखीव बळ आहे, हे सुरक्षा गुणांक सांगतो.

## मातीचा पार्श्व रेटा

पाणी ज्या दाबाने खाली ढकलते त्याच दाबाने बाजूलाही ढकलते. मातीचे तसे नसते. तिच्या कणांमध्ये घर्षण असल्यामुळे उभ्या दाबाचा काही अंशच आडव्या दिशेने प्रकट होतो. या अंशाला पार्श्वदाब गुणांक म्हणतात. भिंत किंचित पुढे सरकली की मागच्या मातीतील घर्षण पूर्णपणे कामाला लागते आणि रेटा कमीत कमी होतो. या स्थितीला सक्रिय स्थिती असे नाव आहे. वाळूमय भरावात त्यासाठी उंचीच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे चार मीटर भिंतीला काही मिलिमीटर एवढेच सरकणे पुरते. तळघराची भिंत मात्र वरच्या स्लॅबने जखडलेली असल्याने सरकू शकत नाही. म्हणून तिच्यावरील रेटा याहून बराच जास्त धरावा लागतो.

या विषयाचा पाया फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल-ओग्युस्तँ कुलोम याने घातला. भिंतीमागे मातीची एक पाचर सुटून खाली घसरू पाहते, अशी कल्पना करून त्याने रेट्याचे गणित मांडले. त्याचा निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला आणि १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८५७ मध्ये स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने भिंतीमागील संपूर्ण माती घसरण्याच्या बेतात आहे असे मानून अधिक सुटसुटीत सूत्र दिले. भरावाचा माथा सपाट आणि भिंतीची पाठ उभी असेल तर ते असे:

`Kₐ = (1 − sin φ) / (1 + sin φ)`

`Pₐ = ½ × Kₐ × γ × H²`

येथे φ हा मातीचा घर्षणकोन, γ हे तिचे एकक वजन आणि H ही भिंतीची उंची आहे. रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. दाब माथ्याशी शून्य आणि तळाशी सर्वाधिक असल्याने एकूण रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो असे धरतात.

## दोन सुरक्षा गुणांक

घसरणीविरुद्ध: भिंतीचे वजन गुणिले पायाखालचा घर्षण गुणांक, भागिले आडवा रेटा. हा भागाकार किमान १.५ असावा असा सर्वसाधारण प्रघात आहे.

उलथण्याविरुद्ध: पायाच्या पुढच्या टोकाभोवती वजनाचे परिबल भागिले रेट्याचे परिबल. परिबल म्हणजे बल आणि त्याचे टोकापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार. हा गुणांक साधारणपणे किमान २ ठेवतात.

पायापुढील माती भिंतीला पुढून थोडा आधार देते, पण हिशेबात तो बहुधा धरत नाहीत. गटार, जलवाहिनी किंवा शेजारचे बांधकाम यांसाठी ती माती केव्हाही खणली जाऊ शकते.

## सोडवलेले उदाहरण

चार मीटर उंचीची, सिमेंटमध्ये बांधलेली दगडी भिंत घेऊ. ती केवळ स्वतःच्या वजनावर उभी राहणारी, म्हणजे गुरुत्व भिंत आहे. तिची पाठ उभी असून दर्शनी बाजू उतरती आहे. माथ्याची रुंदी ०.६ मीटर आणि पायाची २ मीटर आहे. दगडी बांधकामाचे वजन प्रति घनमीटर २४ किलोन्यूटन आणि मुरमाच्या भरावाचे १८ किलोन्यूटन धरू. (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅमचे वजन.) मुरमाचा घर्षणकोन ३०° आणि पायाखालचा घर्षण गुणांक ०.५ आहे. सर्व हिशेब भिंतीच्या एक मीटर लांबीसाठी आहे.

३०° कोनासाठी Kₐ एक तृतीयांश येतो. म्हणून रेटा ½ × ⅓ × १८ × १६ = ४८ किलोन्यूटन होतो. तो तळापासून १.३३ मीटरवर लागतो, तेव्हा उलथवणारे परिबल ६४ किलोन्यूटन-मीटर आहे.

भिंतीच्या छेदाचे दोन भाग पडतात. मागच्या आयताचे वजन ५७.६ किलोन्यूटन असून ते पुढच्या टोकापासून १.७ मीटरवर आहे. पुढच्या त्रिकोणाचे वजन ६७.२ किलोन्यूटन असून ते ०.९३ मीटरवर आहे. एकूण वजन १२४.८ किलोन्यूटन आणि भिंतीला स्थिर ठेवणारे परिबल सुमारे १६०.६ किलोन्यूटन-मीटर भरते.

उलथण्याविरुद्धचा गुणांक १६०.६ ÷ ६४ = २.५ येतो. तो पुरेसा आहे. घसरणीविरुद्धचा गुणांक मात्र (०.५ × १२४.८) ÷ ४८ = १.३ एवढाच निघतो. म्हणजे जी भिंत उलथण्याची शक्यता नाही, तीच घसरण्याच्या बाबतीत अपुरी ठरते. गुरुत्व भिंतींत असे वारंवार घडते. पाया रुंद केल्यास वजनाबरोबर त्याचे टोकापासूनचे अंतरही वाढते, म्हणून उलथण्याविरुद्धचा गुणांक झपाट्याने सुधारतो. घसरणीच्या बाबतीत केवळ वजनच उपयोगी पडते.

पाया २.४ मीटर केला तर वजन १४४ किलोन्यूटन होते. घसरणीचा गुणांक नेमका १.५ आणि उलथण्याचा ३.५ येतो. दुसरा उपाय म्हणजे जुन्या २ मीटर पायाचा तळ मातीच्या बाजूला उतरता ठेवणे. दहास एक असा उतार दिल्यास वजनाचा काही भाग रेट्याच्या विरुद्ध काम करतो आणि घसरणीचा गुणांक सुमारे १.८ होतो. डोंगराळ भागातील भिंतींचा तळ आत कललेला ठेवण्याचे कारण हेच आहे. मात्र तळाखालची जमीनच कच्ची असेल, तर ती भिंतीसह सरकू शकते.

## साचलेल्या पाण्याचा परिणाम

वरील हिशेब कोरड्या भरावाचा आहे. भरावात पाणी साचल्यावर चित्र पालटते. पाण्यात बुडालेल्या मातीचे प्रभावी वजन घटते, त्यामुळे मातीचा रेटा थोडा कमी होतो. परंतु पाणी स्वतःचा संपूर्ण दाब भिंतीवर टाकते, आणि त्याला घर्षणाची सूट मिळत नाही. संपृक्त मातीचे वजन प्रति घनमीटर २० व पाण्याचे १० किलोन्यूटन धरल्यास २.४ मीटर पायाच्या भिंतीची स्थिती अशी होते:

| भरावाची स्थिती | एकूण रेटा (किलोन्यूटन) | घसरणीविरुद्ध | उलथण्याविरुद्ध |
|---|---|---|---|
| कोरडा | ४८ | १.५ | ३.५ |
| अर्ध्या उंचीपर्यंत पाणी | ६२.७ | १.१५ | ३.० |
| माथ्यापर्यंत पाणी | १०६.७ | ०.६७ | १.६ |

शेवटच्या ओळीत मातीचा वाटा २६.७ आणि पाण्याचा ८० किलोन्यूटन आहे. गुणांक १ च्या खाली गेला म्हणजे भिंत घसरणार. तेव्हा अर्ध्या आणि पूर्ण पातळीच्या दरम्यान कोठेतरी ही भिंत जागा सोडते, आणि त्या क्षणीही उलथण्याचा गुणांक सुरक्षित दिसत असतो. पाणी पायाखाली शिरून भिंतीला वर उचलते, तो परिणाम या कोष्टकात धरलेला नाही. तो धरल्यास आकडे आणखी खाली येतात.

म्हणूनच निचऱ्याची सोय हा भिंतीच्या स्थिरतेचाच भाग समजतात. भिंतीच्या पाठीशी गोटे किंवा खडीचा सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा थर देतात आणि भिंतीतून बाहेरच्या बाजूला उतरती छिद्रे ठेवतात. खडी आणि भराव यांच्यामध्ये गाळणीचा थर नसेल तर बारीक माती वाहत येऊन खडीचा थर व छिद्रे बुजवते. अशी भिंत काही पावसाळे नीट उभी राहते आणि नंतर कोसळते.

## मर्यादा

रँकिनचे सूत्र वाळू, मुरूम अशा निचरा होणाऱ्या भरावासाठी विश्वसनीय आहे. महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती पाणी शोषून फुगते, आणि तिचा फुगण्याचा दाब या सूत्रात येत नाही. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पावसाचे पाणी थेट उतरते. म्हणून पायासाठी खणलेली काळी माती भिंतीमागे परत न भरता मुरूम वापरतात.

उलथण्याच्या हिशेबात पायाचे पुढचे टोक अढळ मानले जाते. प्रत्यक्षात पुढच्या टोकाखालील जमीन दबते आणि भिंत हळूहळू कलते. त्यामुळे सर्व बलांचे फलित पायाच्या मधल्या तृतीयांशात पडते की नाही, हेही तपासतात. वरील २.४ मीटर पायाच्या कोरड्या भिंतीत ते मध्यापासून केवळ ८ सेंटिमीटर पुढे पडते, मुभा ४० सेंटिमीटरची आहे. नंतर वाढलेला भार हीसुद्धा एक मर्यादा होय. माथ्यामागे वाहनतळ केल्याने प्रति चौरस मीटर १० किलोन्यूटन भार आला, तर त्याच भिंतीचा घसरणीचा गुणांक १.५ वरून सुमारे १.१७ वर येतो.

## धोक्याची लक्षणे

भिंत घसरू लागली की मागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडते, पुढची जमीन फुगते आणि शेजारच्या भागाशी असलेला सांधा पुढेमागे होतो. कलणारी भिंत ओळंब्याने कळते: माथा पायाच्या तुलनेत बाहेर आलेला असतो. दगडी भिंतीला मध्येच पोट आले असेल, तर दोष बहुधा बांधकामाच्या सांध्यांत किंवा मागे साचलेल्या पाण्यात असतो. जोरदार पावसातही छिद्रांतून पाणी येत नसेल तर ते भिंत कोरडी असल्याचे लक्षण मानू नये. छिद्रे बुजलेली असण्याची शक्यता अधिक असते.

कुंपणाची भिंत दिसायला धारक भिंतीसारखी असली तरी ती मातीचा रेटा घेण्यासाठी रचलेली नसते. तिच्यामागे नंतर भराव टाकणे किंवा पाणी तुंबू देणे धोक्याचे ठरते. भिंती पडण्याच्या घटना प्रामुख्याने पावसाळ्यात घडतात. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे आवारभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या पहाटेपूर्वी, मुंबईतील मालाड पूर्व येथे मुसळधार पावसात भिंत वस्तीवर पडून २५ हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.